९ नोव्हेंबरचा सोमवार

आमच्या अकाउंट्समध्ये माणसं पाच आणि घरी बोलायच्या भाषा चार. अण्णा पद्मशाली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघाला की ते कुणाचंच ऐकत नाहीत. एक जण सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलतो, त्यामुळे जानेवारीच्या मध्याला तो बाराबंदीत असतो. भाईंना ईद, ताईंना आषाढी. दिवाळी मात्र सगळ्यांनाच हवी. भाईंनासुद्धा, कारण मुलांच्या शाळेला सुट्टी तेव्हाच मिळते.

कारखाना टॉवेलचा, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. साहेब वर्षाच्या रजेचा आराखडा डिसेंबरातच मागतात. काहींना हा जाच वाटतो. डिसेंबरात बसून पुढच्या ऑक्टोबरचं काय सांगणार, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे, पण आराखडा म्हणजे मंजुरी नव्हे. अर्ज नंतर वेगळा द्यावाच लागतो. डिसेंबरात कागद टेबलावर आला, तर साहेबांनी अजून कुणालाच शब्द दिलेला नसतो, एवढाच त्याचा फायदा. ऑक्टोबरात तोच अर्ज नेला की दोघांना आधीच ‘बघू’ म्हणून झालेलं असतं, आणि तिसऱ्याला नाही म्हणणं सोपं जातं.

मात्र लवकर द्यायचा म्हणून मागच्या वर्षीचा कागद काढून त्याच तारखा उतरवल्या, तर फजिती ठरलेली. सोलापुरात रजा तीन वेगवेगळ्या चालींनी चालतात. सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीला बांधलेली, म्हणून ती जानेवारीच्या मध्यातून हलत नाही. ईद चांद्रवर्षाची. ते वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. दिवाळी, पाडवा, नारळी पौर्णिमा याही चंद्रावरच चालतात, पण त्यांना सावरायला अधिक महिना आहे. एक-दोन वर्षं मागे सरकत येतात आणि मग एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे उडी घेतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. म्हणून २०२५ ला ९ ऑगस्टला असलेली नारळी पौर्णिमा २०२६ ला २८ ऑगस्टला, आणि २१ ऑक्टोबरचं लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला.

अण्णांच्या दृष्टीने ही उडी लाभाची. आमच्या खात्याला चौथी एक चाल आहे आणि ती सरकारची: दर महिन्याच्या ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न म्हणजे जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं रिटर्न म्हणजे थ्री-बी. ९ ऑगस्टचा रथ म्हणजे विक्रीची बिलं जुळवायच्या ऐन दिवसांत. २८ ऑगस्टला वीस तारखेचं काम उरकलेलं असतं आणि महिनाअखेर अजून अंगावर आलेली नसते. त्यामुळे त्या रजेवर कुणी भुवई उंचावत नाही.

मार्चची गोष्ट उलटी. २०२६ चा गुढीपाडवा गुरुवारी १९ तारखेला, थ्री-बीची मुदत शुक्रवारी २० ला, आणि ईद चंद्र दिसेल तशी २० किंवा २१ ला. थ्री-बी आधीच उरकून टाकावी म्हटलं, तर खरेदीवरच्या क्रेडिटचं विवरण, टू-बी, पोर्टलवर चौदा तारखेला तयार होतं. त्याआधी जुळवणीला हात लावता येत नाही. म्हणजे हातात राहतात १४ ते १८, त्यातला १५ चा रविवार, आणि नेमका त्याच १५ ला आगाऊ प्राप्तिकराचा शेवटचा हप्ता. आराखड्यात भाईंनी ‘ईद’ एवढंच लिहिलं असतं, तर साहेबांचा पेन अडला असता. त्यांनी लिहिलं, ‘२० किंवा २१, चंद्रावर. पाडव्याला मी येईन, रिटर्न १८ ला तपासायला देईन.’ सही लगेच झाली. एका दिवसासाठी दोन तारखा मागणं आमच्याकडे आगाऊपणा समजला जायचा. ईदच्या बाबतीत तोच प्रामाणिकपणा आहे.

आता दिवाळी. शुक्रवारी ६ नोव्हेंबरला धनत्रयोदशी, रविवारी ८ ला लक्ष्मीपूजन, मंगळवारी १० ला पाडवा, बुधवारी ११ ला भाऊबीज. मधला सोमवार, ९ तारीख, मोकळा. पाचही कागदांवर तीच तारीख. शिवाय भाऊबीज आणि जीएसटीआर-१ ची मुदत एकाच दिवशी.

इथे सगळे डोकी मोजतात: किमान दोघं हवेत, म्हणजे तिघं जाऊ शकतात. माझ्या मते हे मोजणंच चुकीचं आहे. बँकेत पेमेंट एकाने भरायचं असतं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं असतं. भरणारे दोघं हजर आणि मंजूर करणारे दोन्ही गावाला, तर ऑफिसात दिवा लावून काय उपयोग? पैसे जागचे हलत नाहीत. एनईएफटी आता चोवीस तास चालते, त्यामुळे ‘बँक बंद होती’ हे जुनं भरवशाचं कारणही गेलं. मोजायच्या त्या जोड्या. म्हणून आमच्या कागदावर ‘कारण’ या रकान्याशेजारी ‘माझ्या जागी कोण’ असा रकाना आला. तो भरलेला अर्ज आणि रिकामा अर्ज यांत साहेब किती फरक करतात, हे बघण्यासारखं आहे.

जीएसटीआर-१ चं मात्र बसल्या जागी ठरलं. त्यात ३१ ऑक्टोबरपर्यंतचीच बिलं लागतात, तेव्हा ६ तारखेला भरता येईल. अडतं ते निर्यातीच्या शिपिंग बिलाच्या नंबरावर. तो न्हावा शेवाचा एजंट देतो आणि दिवाळी त्यालाही असते. म्हणून कॅलेंडरवर ३ नोव्हेंबरला आमच्यापैकी कुणाचं नाही, त्या एजंटचं नाव लिहिलं आहे.

सोमवारी थांबणार अण्णा आणि भाई: एक भरणारा, दुसरा मंजूर करणारा. बदल्यात अण्णांना रथाला जोडून २९ ऑगस्टचा शनिवार मिळाला. भाईंनी काही मागितलं नाही, मार्चचं त्यांच्या लक्षात असावं. ताई जरा खट्टू दिसल्या. त्यांना थांबायचं नव्हतं, पण थांबणाऱ्यांना काहीतरी मिळतं हे त्यांना उशिरा कळलं.

लवकर कागद देण्याला एक रोगही जडतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसे काही जण जमतील तेवढ्या तारखा अडवून ठेवतात आणि ऐन वेळी बसतच नाहीत. यावर उपाय निघाला तो अण्णांमुळे. दसऱ्याला त्यांना हैदराबादला जायचं असतं आणि रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी उघडतं. खिडकी उघडायच्या दिवशी रजा पक्की नसेल, तर तिकीट कशाच्या जोरावर काढायचं? त्यामुळे आता नियम असा, की पासष्ट दिवस आधी नावापुढे ‘पक्की’ लिहायचं, नाही लिहिलं तर तारीख सुटली, ज्याला हवी त्याने घ्यावी. गावात राहणाऱ्यांना पासष्ट दिवस उगाच वाटतात. त्यांच्यासाठी तीस ठेवावेत असं माझं मत आहे, पण साहेबांना दोन नियम नको आहेत.

आजारपण, मयत, पाहुणे यांचं आराखड्यात काही लिहिता येत नाही, म्हणून किरकोळ रजांना आम्ही हात लावत नाही. कागदावर फक्त हक्काच्या रजा. ताईंनी या खेपेला आषाढी आधीच ‘पक्की’ करून टाकली आहे, २५ जुलै, शनिवार. समोरच्या रकान्यात माझं नाव आहे, मला न विचारता.