चिठ्ठीवरचे ६५० आणि कपाटातला पेपर

डिसेंबर २०२५ची गोष्ट. रावेरकडचे एक केळी बागायतदार भुसावळला आमच्या क्लासवर आले. सोबत बारावीतली मुलगी होती. खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. त्यावर ‘६५०’ एवढंच लिहिलेलं होतं. कुणा नातेवाइकाने सांगितलं होतं, सरकारी एमबीबीएसला इतके लागतात. मुलीला शेवटच्या चाचणीत ३९८ होते.

“सर, मले एवढंच सांगा, पोरीचा नंबर लागंल का? नाही तर मी पैसे दुसरीकडे लावतो.”

मुलगी खाली मान घालून बसली होती.

पहिल्यांदा मी चिठ्ठीबद्दल बोललो, कारण तो आकडा जुना होता. नीटच्या ७२० गुणांपैकी ६५० किंवा जास्त मिळवणारे २०२४मध्ये देशात तीस हजारांच्या वर होते. २०२५चा पेपर इतका अवघड आला, की पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाच ६८६ होते आणि ६५०च्या वर शंभर मुलंही नव्हती. आपल्या राज्यात खुल्या गटातून सरकारी जागा २०२४मध्ये सव्वासहाशेच्या वर बंद झाली, तीच २०२५मध्ये पाचशेच्या आसपास आली. प्रवेश क्रमवारीवर मिळतो. गुण पेपरप्रमाणे हलतात, म्हणून आकडा धरताना तो कोणत्या पेपरचा आहे हे आधी बघावं लागतं.

मग मी मुलीचं रजिस्टर उघडलं. दोन-चार धड्यांवरच्या चाचण्या बाजूला काढल्या, कारण त्यांत गुण नेहमी फुगतात. पूर्ण अभ्यासक्रमाच्या सात चाचण्या उरल्या: ३१८, ३५२, ३४९, ३८१, ३७४, ४०२, ३९८. एकेका आकड्याकडे बघितलं तर कधी आनंद, कधी धास्ती, हाती काही लागत नाही. म्हणून पहिल्या तिन्हींची सरासरी घेतली, ३४०. शेवटच्या तिन्हींची ३९१. म्हणजे दुसऱ्या चाचणीपासून सहाव्या चाचणीपर्यंतच्या चार टप्प्यांत ५१ गुण, म्हणजे एका टप्प्याला तेरा. मेपर्यंत आणखी सहा टप्पे धरले तर ७८ वाढून ४७० होतात. पाचशेला तीस कमी. वरच्या गुणांत वाढ मंदावते, तरी मनात आलं, अशक्य नाही. तसं सांगायला मी तोंड उघडलंच होतं.

पण एक गोष्ट खटकली. पाचशे हा २०२५च्या पेपरचा आकडा होता आणि ४७० आमच्या चाचण्यांचे. दोन वेगळ्या वजनकाट्यांवरचं वजन मी एकमेकांशी जोडत होतो. २०२५चा पेपर मी सरावासाठी कुणाला दिला नव्हता, मुद्दाम कपाटात ठेवला होता. भाऊंना म्हटलं, “रविवारी परत या.” मुलीला म्हटलं, “बेटा, तोवर हा पेपर कुठेच बघू नकोस.”

रविवारी दुपारी दोन ते पाच तिने तो सोडवला. गुण आले ३५७.

जीवशास्त्र २२५, रसायन ९४. हे दोन्ही चाचणीइतकेच. भौतिकशास्त्र मात्र ७४ वरून ३८. चाळीसेक गुणांची घट जवळपास सगळी तिथेच होती. आमच्या चाचण्यांतलं भौतिक सूत्रात किंमती टाकून सुटणारं, त्या पेपरातलं लांबलचक. आमच्या चाचण्याच सोप्या होत्या, हे मला मान्य करावं लागलं. भौतिकात ३२ प्रश्न सोडवले, १४ बरोबर, १८ चूक. तिच्या कच्च्या कागदावर मी बोट ठेवून एकेक विचारत गेलो. चुकलेल्या अठरांपैकी अकरा ठिकाणी कागद कोरा होता, एक रेघही नाही. “हे अंदाजाने मारले, सर.”

ते सोडले असते तर अकरा गुण तिथेच वाचले असते, म्हणजे ३६८. त्यात ७८ मिळवले तरी साडेचारशेच्या आतच. पाचशेला पन्नासहून जास्त कमी.

भाऊंना मी सरळ सांगितलं: “यंदा सरकारी एमबीबीएस धरून चालू नका. या वेगाने ते होत नाही. आयुर्वेद आणि नर्सिंगचे फॉर्म मात्र भरायचे. फेब्रुवारीअखेर २०२५सारखाच अवघड पेपर मी पुन्हा देईन. भौतिक सत्तरच्या पुढे आणि एकूण ४२०च्या वर गेलं तर हा हिशेब नव्याने मांडू. नाही गेलं तर पुढचं वर्ष थांबायचं की नाही, ते तेव्हा बोलू. आज एकरकमी फी भरू नका.”

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. “सर, भौतिकचे अंदाज सोडायचे, तर किती सोडवायचे?”

“कागदावर रेघ उमटली तेवढेच.”

तिने तो कच्चा कागद घडी करून वहीत ठेवला. भाऊंनी टेबलावरची चिठ्ठी उचलली, ६५०वर काट मारली आणि शेजारी ४२० लिहिलं.