चौथी लेन

मे महिन्यात सोलापुरात प्रोटीन वजनानुसार वेगळी करायचं जेल ओतायचं तर हात चपळ लागतो. दुपारच्या उन्हात जेल घट्ट करणारं टेमेड घातलं की द्रावण बीकरमध्येच घट्ट होऊ लागतं. म्हणून मी पाणी आणि बफर आधी फ्रिजमध्ये गार करून घेते. त्या दिवशी १२ टक्क्यांचं जेल छान बसलं होतं. कंगवा काढताना नमुना भरायचा एकही खळगा फाटला नाही.

एमएस्सीचा एक विद्यार्थी मोड आलेल्या मालदांडी ज्वारीतून स्टार्च तोडणारं एन्झाइम अमायलेज वेगळं करत होता. प्रत्येक नमुन्याची खाली सरकायची वाट म्हणजे एक लेन. लेन १ मध्ये वजनं माहीत असलेल्या प्रोटीनांचा मार्कर, ३ मध्ये कच्चा अर्क, ४ मध्ये अमोनियम सल्फेटने खाली बसवलेलं प्रोटीन आणि ५ मध्ये तुलनेसाठी बीएसए हे ओळखीचं प्रोटीन. वीज लावून रन सुरू झाला आणि चौथ्या लेनमधला, नमुन्यासोबत सरकणारा निळा रंग मागे रेंगाळून आडवा पसरू लागला. रंगवल्यावर तिथे लांबलचक फराटे दिसले. शेजारच्या तीन आणि पाचमधले बँड आक्रसून वाकडे झाले होते.

"मॅडम, उष्णतेनं झालं असेल की," तो म्हणाला. शंका रास्त होती. पण जेल तापलं की मधल्या लेन पुढे पळतात, कडेच्या मागे राहतात आणि अख्ख्या जेलवर हसऱ्या ओठांसारखा बाक येतो. इथे मार्कर सरळ होता. बिघाड एका लेनपासून सुरू होऊन शेजाऱ्यांपर्यंतच पोचला होता.

"डायलिसिस केलंस का?"

नमुना पातळ पडद्याच्या पिशवीत भरून त्यातलं मीठ बाहेरच्या बफरमध्ये जाऊ द्यायचं, ते डायलिसिस. तो गप्प राहिला. गाळ थेट थोड्या बफरमध्ये विरघळवून, सॅम्पल बफर घालून उकळला होता. त्यात अमोनियम सल्फेटचं भरपूर मीठ शिल्लक होतं. खारट लेनमधून वीज सहज वाहते, त्यामुळे तिथला विद्युतदाब उतरतो, प्रोटीन हळू सरकतं आणि लेन रुंद होत शेजाऱ्यांना दाबते.

नुसत्या तर्कावर थांबायचं नव्हतं. उरलेला नमुना आम्ही रात्रभर ४ अंशांवर ट्रिस बफरमध्ये डायलाइझ केला, बफर दोनदा बदलला. दुसऱ्या दिवशीच्या जेलमध्ये एका लेनमध्ये तो नमुना भरला. तिच्यापासून लांबच्या एका लेनमध्ये प्रोटीन न घालता फक्त अमोनियम सल्फेट मिसळलेला सॅम्पल बफर भरला, त्याच्या दोन्ही बाजूंना बीएसए. प्रोटीन नसलेल्या त्या लेननेही शेजारच्या बीएसएचे बँड तसेच वाकवले. डायलाइझ केलेली लेन मात्र सरळ, स्वच्छ उतरली.

आदल्या दिवशी त्याने फराट्यातल्या एका गडद पट्ट्याचं वजन मार्करवरून ५२ किलोडाल्टन काढलं होतं. स्वच्छ लेनमध्ये तोच ठळक बँड ४५ च्या आसपास आला. जेलमध्ये जड प्रोटीन मागे राहतं; लेनच मागे पडली असेल, तर तिथला प्रत्येक बँड आहे त्यापेक्षा जड दिसतो. म्हणून वहीतला तो आकडा आम्ही खोडला.

४५ ला बँड आला एवढ्यावरून तो अमायलेज ठरत नव्हता. सॅम्पल बफरमधल्या एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळल्यावर एन्झाइमचं काम बंद पडतं. मग नमुना न उकळता, एसडीएसशिवाय, स्टार्च मिसळलेल्या जेलवर चालवला आणि आयोडीन ओतलं. निळ्या जेलवर स्टार्च तुटलेल्या जागी एक पांढरी पट्टी उमटली.