चोलेस्की पास झालं, पण पाऊल कुठं पडलं? हेसियनमध्ये τI मिळवण्याचा माझा अनुभव

‘हेसियन पॉझिटिव्ह नसेल तर त्यात आयडेंटिटीचा थोडा गुणक मिळवा’ हे वाक्य ज्यानं आमच्या नोट्समध्ये लिहिलं, त्याला ‘थोडा’ म्हणजे किती हे विचारायची माझी अजून इच्छा आहे. माझं काम अडलं ते याच शब्दापाशी. बाकी सगळं एका संध्याकाळचं होतं.

काम साधं होतं. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आहे. साच्यातून काढलेलं कास्टिंग हवेत गार होतं, ते मशीन शॉपला कधी देता येईल याचा अंदाज हवा होता. हवेपेक्षा ते किती अंश गरम आहे यासाठी A·e^(−kt) हे ढोबळ मॉडेल घेतलं. A म्हणजे सुरुवातीचं जादा तापमान अंशांत, k म्हणजे दर मिनिटाला गार होण्याचा वेग. मोजलेल्या आणि मॉडेलच्या आकड्यांमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज, तिचं निम्मं, हे f. ते न्यूटनच्या पद्धतीनं कमी करायचं. ती पद्धत f च्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचं मॅट्रिक्स, म्हणजे हेसियन H, वापरून पाऊल ठरवते.

इथे समजायला सोपे आकडे घेतो. 10, 30 आणि 50 मिनिटांना वाचनं 491, 329 आणि 221. खरं उत्तर A = 600, k = 0.02. सुरुवात A = 500, k = 0.08 पासून, कारण आमच्या लहान ब्रॅकेटचा k तेवढा असतो. इथे f येतं साधारण 98,100.

आता या f चा k कडून दुसरा डेरिव्हेटिव्ह काढला, तर प्रत्येक वाचनाचा वाटा A·t²·e^(−kt)·(2 × मॉडेल − वाचन) एवढा निघतो. म्हणजे मॉडेल वाचनाच्या निम्म्याहूनही खाली असेल तर तो वाटा निगेटिव्ह. k = 0.08 ला मॉडेल सांगतं 225, 45 आणि 9. तिन्ही निम्म्याच्या खाली. तिन्ही वाटे मिळून झाले −1.53 कोटी. A च्या बाजूचा आकडा मात्र 0.21. हेसियनची एक आयगेनव्हॅल्यू साधारण −1.53 कोटी, दुसरी जेमतेम पॉझिटिव्ह.

साधं न्यूटन इथे k ला 0.08 वरून 0.169 वर नेतं. खरं उत्तर 0.02, आणि हे चाललंय उलट्या दिशेला. ग्रेडियंट आणि पाऊल यांचा गुणाकार g·p सुमारे +55,000 येतो; तो निगेटिव्ह असेल तरच पाऊल उताराचं. हा आकडा दरवेळी छापून बघा, हे मी आधीच सांगायला हवं होतं. f कमी झालं की नाही यापेक्षा हा आकडा लवकर बोलतो.

म्हणून H च्या जागी H + τI; I म्हणजे आयडेंटिटी, τ म्हणजे तो ‘थोडा’ गुणक. प्रत्येक आयगेनव्हॅल्यू बरोबर τ ने वर सरकते, आयगेनव्हेक्टर तेच राहतात. सगळ्या शून्याच्या वर गेल्या की g·p निगेटिव्ह होणारच. नोट्सची कृती अशी: τ = 0.001 घ्या, चोलेस्की करून बघा, जमलं नाही तर दुप्पट करा. चोलेस्की फक्त पॉझिटिव्ह डेफिनिट मॅट्रिक्सलाच जमतं, त्यामुळे तीच चाचणी. NumPy त्यावर `Matrix is not positive definite` म्हणून ओरडतं.

ओरडत राहिलं ते बराच वेळ. 34 वेळा दुप्पट केल्यावर τ पोचला 1,71,79,869 वर आणि चोलेस्की पास झालं. g·p निगेटिव्ह. कागदावर सगळं ठीक.

आणि k आला −0.496.

शेजारच्या टेबलावरचे काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, “अरे, कास्टिंग गार व्हायलंय की तापायलंय?” k निगेटिव्ह म्हणजे शॉपफ्लोअरवर पडलेलं लोखंड आपोआप तापत जाणार! A कडे बघितलं तर तो हललाच नव्हता; 500 वरून 500.00004.

चिडचिड झाली ती इथे. चाचणी ‘पास’ म्हणते, दिशा उताराची आहे, आणि आकडे वेड्यासारखे. कारण कळायला मला वेळ लागला, पण ते लपलेलं नाही. दुप्पट करत जाणारी कृती पहिल्या यशाला थांबते, आणि पहिलं यश शून्याच्या किती जवळ पडेल हे नशिबावर असतं. इथे −1.53 कोटीत 1.718 कोटी मिळवले, उरले फक्त 18.8 लाख. k ची वक्रता मूळ आकाराच्या आठव्या हिश्शावर आली, आणि पाऊल म्हणजे ग्रेडियंट भागिले वक्रता, म्हणून ते फुगलं. τ खूप मोठा घेतला तर उलट होतं: पाऊल g/τ होत जातं, म्हणजे मुंगीच्या चालीचा ग्रेडियंट डिसेंट.

लाइन सर्च, म्हणजे f पुरेसं कमी होईपर्यंत पाऊल निम्मं करत जाणं, असेल तर ती वाचवते. पाऊल तीनदा निम्मं केल्यावर k = 0.008 आणि f सुमारे 9,200. लाइन सर्चशिवाय ही पद्धत वापरूच नका. τ फक्त दिशा देतो, लांबीची हमी देत नाही.

मॅट्रिक्स लहान असेल तर चोलेस्कीची लपाछपी कशाला? आयगेनव्हॅल्यू सरळ काढा आणि सगळ्यांत लहान आकडा शून्याच्या पलीकडे तेवढाच न्या:

```python
lam = np.linalg.eigvalsh(H)[0]
tau = -2*lam if lam < 0 else 0.0
p = np.linalg.solve(H + tau*np.eye(2), -g)
```

यात k एकाच पावलात 0.0093 वर आला, निम्मं करायची गरज नाही, f सुमारे 6,100. पुढच्या पावलाला हेसियन पॉझिटिव्ह असतो, मग τ शून्य, आणि तिथून शुद्ध न्यूटन. `lam` शून्याला चिकटलेली असेल तर ही ओळ पुरत नाही. तिथे एक किमान मर्यादा ठेवावी लागते. आणि हजारो चलांच्या मॅट्रिक्सला आयगेनव्हॅल्यू महाग पडतात, तिथे चोलेस्कीच बरं.

A मात्र अजूनही थिजलेलाच. कारण I सगळ्यांना सारखंच τ वाटतं: कोटीच्या k ला आणि 0.21 च्या A ला. A साठी कोटींचा भार म्हणजे बेडीच. इथे पुढच्याच पावलाला τ गेला म्हणून भागलं. निगेटिव्ह पट्टा लांब असता तर A तसाच पडून राहिला असता. उपाय म्हणजे मोजमाप बदलणं. A = 500a, k = 0.08κ असं लिहिलं की दोन्ही 1 पासून निघतात, आयगेनव्हॅल्यू 63 हजार आणि −1.08 लाख, एकाच पंगतीच्या. मग A ही हलतो, पहिल्याच पावलात 705 वर. तो 600 च्या पुढे गेला आणि f ही 47,200 पर्यंतच उतरलं, म्हणजे पहिलं पाऊल आधीच्यापेक्षा कमी फायद्याचं. तरी मी मोजमाप बदलूनच चालवतो, कारण तिथे τ चा आकडा वाचून काहीतरी कळतं.

एक आता आठवलं: वाचनांचे लॉग घेतले तर हेच मॉडेल सरळ रेषा होतं, आणि तिच्या उतारातून k ची चांगली सुरुवात मिळते. तेवढ्यानं निगेटिव्ह पट्टा बहुधा लागतच नाही. पण हवेचं तापमानही शोधायचं असेल तर लॉगची वाट बंद होते, आणि मग τ हाताशी असलेला बरा.