मुदत मागताना पानं जोडा

गाईडना मुदतवाढ मागणाऱ्या मेलमध्ये सगळ्यात जास्त जागा खाते ती दिलगिरी. ताप, मेगाब्लॉक, घरचं लग्न, मग ‘आपला बहुमूल्य वेळ’. आणि खरी मागणी पार तळाशी, तीही ‘थोडा वेळ मिळाल्यास’ अशी. थोडा म्हणजे किती, हे मॅडमनीच उलट विचारायचं!

समजा, गिरणगावातल्या चाळींवर प्रबंध चाललाय आणि तिसरं प्रकरण शुक्रवारी, १३ मार्चला द्यायचंय. मेल बुधवारी सकाळीच गेलेला बरा. शुक्रवारी रात्री पाठवला तर नाही म्हणायची सोयच उरत नाही, आणि ते मॅडमना बरोबर कळतं. मजकूर एवढाच:

‘नमस्कार मॅडम, तिसरं प्रकरण शुक्रवारऐवजी बुधवारी, १८ मार्चला संध्याकाळपर्यंत दिलं तर चालेल का? भाडेपावत्यांच्या दोन फायली कालच पाहायला मिळाल्या, त्यांवरचा भाग लिहायचा राहिलाय. झालेली २२ पानं जोडली आहेत. त्यातली ९ ते १४ पाहू शकाल का? १९८२च्या संपानंतरचा काळ याच प्रकरणात ठेवू की पुढच्यात नेऊ, हे सोमवारपर्यंत कळलं तर उरलेलं त्याप्रमाणे लिहीन. वेळ झाला नाही, तरी १८ला पूर्ण प्रकरण देतेच.’

शेवटचं वाक्य गाळू नये. ते नसलं की मुदत अभिप्रायाला टांगली जाते: मॅडम सेमिनारला गेल्या, उत्तर आलं नाही, आणि १८ तारीखही गेली. प्रश्नही असाच हवा, की ज्याच्या उत्तराने पुढचं लिखाण बदलेल. ‘कसं वाटलं ते कळवा’ म्हटलं की ‘पूर्ण झाल्यावर एकदम बघू’ हे उत्तर ठरलेलं. ‘इथे की तिथे’ला मात्र दोन लेक्चरच्या मधल्या वेळेत फोनवरूनही उत्तर देता येतं.

दिवस मोजताना काम तीन दिवसांचं असेल तर पाच मागावेत, कारण अभिप्राय आला की दुरुस्त्याही आल्या. दुसऱ्यांदा मुदत मागणं फार जड जातं. आणि गाईड वाढवून देतात ती त्यांनी स्वतः घातलेली तारीख. विद्यापीठाची सबमिशनची तारीख त्यांच्या हातात नसते.

मसुदा वर्डमध्येच द्यावा, म्हणजे समासात शेरे मारता येतात. ड्राइव्हची लिंक दिली तर परवानगी आधी तपासावी, नाहीतर मॅडमना कुलूपच दिसतं. अर्धवट जागी चौकटी कंसात ‘इथे भाड्याचा तक्ता येईल’ असं लिहून ठेवावं. तसं नसलं तर नेमक्या त्याच जागी ‘तक्ता कुठे?’ असा लाल शेरा पडतो आणि संपाचा प्रश्न बाजूलाच राहतो.

उत्तर बहुधा ‘ओके’ एवढंच येतं. मुदतीला ओके, की पानं बघते याला? ‘आभारी आहे मॅडम, मग १८ तारीख धरते’ असं लगेच कळवून टाकावं. पानांबद्दल सोमवारपर्यंत थांबावं.