घेतलीस?

वर्गातलं माझंच शिकवणं मी एकदा मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि घरी येऊन शब्द न् शब्द उतरवायला बसलो. पाच मिनिटांच्या बोलण्याला तासभर लागला. त्या पाच मिनिटांत मी मुलांना चारदा दरडावलं होतं, ‘‘पूर्ण वाक्यात!’’ कागदावर ते लिहिलं तेव्हा लक्षात आलं, की या फर्मानाला कर्ता नाही, क्रियापदही नाही.

घराबाहेर पडताना आपण विचारतो, ‘‘घेतलीस?’’ समोरून उत्तर येतं, ‘‘घेतली.’’ चावी हा शब्द कुणीच उच्चारला नाही, तरी ‘ली’ सांगते की वस्तू स्त्रीलिंगी आणि एकच आहे, शेवटचा ‘स’ सांगतो की घेणारी व्यक्ती समोरच आहे. कुलपापाशी उभं असताना आणखी काय हवं? आता याचं शाळेतलं उत्तर देऊन बघा: ‘‘होय, मी चावी घेतली आहे.’’ लगेच प्रश्न येईल, ‘‘चिडलीस का?’’ बोलताना जादा शब्दांनाही अर्थ चिकटतो.

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मी विचारलं होतं, ओले कपडे वाळतात म्हणजे नक्की काय होतं? एका मुलीचं उत्तर असं उतरलं: ‘‘पाणी ना, ते... म्हणजे ऊन लागलं की त्याची अं... वाफ होते ना, आणि जाते वर. दिसत नाही पण. ती वाफ.’’ वर्गात मी तिला मध्येच तोडून ‘नीट सांग’ म्हटलं होतं. कागदावर मात्र दिसलं, की ती नीटच सांगत होती. ‘पाणी ना’ म्हणून तिने आधी विषय मांडला. ‘ते’ म्हणून वाक्य सुरू केलं, पण उन्हाचं आधी सांगायला हवं हे ध्यानात येताच ते सोडलं आणि ‘म्हणजे’ म्हणून वळण घेतल्याची वर्दी दिली. लेखी मराठीत ‘पण’ सहसा आधी येतो. इथे तो शेवटी आला. ‘ती वाफ’ हे शेपूट ऐकणाऱ्यासाठी: काय दिसत नाही, ते पुन्हा सांगायला.

आणि तो ‘अं’! दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा सरासरी वेळ सुमारे २०० मिलिसेकंद निघाला, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. एखाद्या चित्रातली वस्तू ओळखून तिचं नाव उच्चारायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात गप्प राहिलं तर दुसरा कुणी बोलायला लागतो, नाहीतर मास्तर समजतात की हिला येत नाही. ‘अं’ म्हणजे बाकावर ठेवलेलं दप्तर: जागा धरलेली आहे, मी येतेय.

प्रत्येक ‘म्हणजे’ कामाचाच असतो असं मी म्हणत नाही. ‘म्हणजे’नंतर बोलणं खरंच वळलं का, काही सुधारलं किंवा उलगडलं का, एवढं बघावं. तिच्या बोलण्यात वळलं होतं. माझ्याच बोलण्यात सात ‘म्हणजे’ सापडले आणि त्यातल्या पाचांनंतर मी आधीचंच पुन्हा म्हटलं होतं!

आता मी तोंडी उत्तर तोडत नाही. अर्थ बरोबर असेल तर ते बरोबर. मग तिचं बोलणं फळ्यावर जसंच्या तसं उतरवतो आणि विचारतो, काल वर्गात नसलेल्या मुलाला हे पाठवायचं तर? मुलं स्वतःच ‘ना’ आणि ‘अं’ काढतात, ‘पण’ पुढे आणतात. थोड्या भांडणानंतर तयार होतं: ‘ऊन लागल्यावर पाण्याची वाफ होऊन वर जाते, पण ती दिसत नाही.’ ‘पाणी ना’ गेलं, ‘पाण्याची’ आलं. तिच्या तोंडचं चुकीचं आणि हे शुद्ध, असं मी म्हणत नाही. पहिलं ऐकणाऱ्यासाठी, दुसरं वाचणाऱ्यासाठी.

लाल पेन लागतं ते वेगळ्या ठिकाणी. एकाने प्रयोगवहीत लिहिलं, ‘मग ते त्यात टाकलं आणि ते ढवळलं.’ हेच टेबलापाशी बोट दाखवत म्हटलं असतं तर काही अडलं नसतं. वहीत बोट नाही. ‘टाकलं’वरून ती वस्तू नपुंसकलिंगी एवढंच कळतं, आणि मीठही नपुंसकलिंगी, पाणीही. शेरा न मारता मी वही शेजारच्या वर्गातल्या एका मुलाला दिली आणि वाचून चित्र काढायला सांगितलं. त्याने मिठाने काठोकाठ भरलेला पेला काढला आणि वरून पाण्याची धार. वहीचा मालक ते बघून ओरडला, ‘‘अरे, उलटं! मीठ पाण्यात!’’

‘‘मग तसं लिही की,’’ चित्रकार म्हणाला.