थोरल्याची गोटी आणि धाकट्याची गोटी

डिसेंबरातली सकाळची ओपीडी. मंगळवेढ्याकडची एक आई आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. सोबत आजी आणि पाच वर्षांचा थोरला. बाळाच्या उजव्या बाजूची गोटी हाताला लागत नव्हती. आईनं बाहेर सोनोग्राफी करून आणली होती. त्यात ‘उजवं वृषण दिसत नाही’ असा शेरा. तो वाचल्यापासून तिची झोप उडाली होती. आजी मात्र निर्धास्त.

“आवं मॅडम, थोरल्याचं बी असंच हुतं. गार पाण्यानं आंघोळ घातली की वर जायची, झोपला की खाली यायची. ह्याची बी येईल की!”

मी रिपोर्ट बाजूला ठेवला. या तपासणीत सोनोग्राफीपेक्षा हाताचा भरवसा जास्त. हात चोळून गरम केले, बाळाला आईच्या मांडीवर शांत होऊ दिलं. कमरेच्या हाडापासून जांघेवरून खाली हळूहळू बोटं सरकवत आणली, तर जांघेतच शेंगदाण्याएवढी गोळी बोटाखालून निसटली. म्हणजे वृषण होतं! पण ओढून आणलं तरी पिशवीच्या तोंडापर्यंतच यायचं आणि सोडताच परत वर. उजवी पिशवीही लहान, सपाट.

मग थोरल्याला मांडी घालून बसवलं. त्याचं वृषण सहज खाली आलं आणि हात काढल्यावरही तिथंच राहिलं. मांडीला आतून बोट लावलं, तसं टुणकन वर गेलं. हा स्नायूचा खेळ. याला ऑपरेशन लागत नाही.

आजींना दोन्ही दाखवलं. पोटातून उतरायचं राहिलेलं वृषण पहिल्या काही महिन्यांत आपसूक उतरू शकतं. सहा महिन्यांनंतर ती आशा फारशी उरत नाही. वृषणाला शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो. जांघेतल्या उबेत पुढे शुक्राणू बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. म्हणून ऑपरेशन सहा महिने ते वर्षाच्या आत, उशिरात उशिरा दीड वर्षापर्यंत. कमी दिवसांच्या बाळांचे महिने मात्र मूळ तारखेपासून मोजायचे.

“एवढ्याशा लेकराला भूल?” आजींचा खरा घोर हा होता. तो खोटा नव्हे. लहान मुलांच्या भुलेचा अनुभव असलेले डॉक्टर हवेतच, आणि मी त्यांची गाठ घालून दिली. शाळेत जाईपर्यंत थांबा, असा सल्ला अजूनही पालकांना मिळतो, याचा मला फार त्रास होतो. नंतर ऑपरेशन होतं, पण गेलेल्या पेशी परत येत नाहीत.

दहाव्या महिन्यात ऑपरेशन झालं. वृषणाबरोबर हर्नियाची बारीक पिशवीही निघाली, अशा मुलांत ती बहुधा असतेच. ती बांधली, नस मोकळी केली आणि वृषण खाली कातडीखाली कप्पा करून बसवलं. संध्याकाळी बाळ घरी गेलं.

मोठेपणी वृषणात कॅन्सरची गाठ होण्याचा धोका ऑपरेशननं कमी होतो, पुरता जात नाही. म्हणून वयात आल्यावर त्याला स्वतः चाचपून पाहायला शिकवा, असं आईला सांगितलं. थोरल्यालाही दरवर्षी दाखवायचं आहे, कारण असं वर-खाली होणारं वृषण उंची वाढताना कधी कधी वरच राहून जातं.