तुम्ही विचारलंत म्हणून: काजूवाल्यांना लिहिलेलं पत्र

‘मास्तर, तुमच्या दशावताराला दर वर्षी प्रायोजक मिळतो. आम्ही पत्रं पाठवून दमलो, कोणी उत्तरसुद्धा देत नाही. तुम्ही त्या पत्रात असं लिहिता तरी काय?’

पहिलं पत्र मी दोन पानी लिहिलं होतं. लाल माती होती, माडांच्या रांगा होत्या, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण होती आणि अगदी शेवटी ‘यथाशक्ती सहकार्य करावे ही नम्र विनंती’. वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखानदारांकडे ते मी स्वतः घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि ५०१ रुपयांची पावती फाडायला सांगितली. यथाशक्ती म्हटलं की शक्ती किती ते समोरचाच ठरवणार. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

निघताना मी एक शहाणपणा केला. म्हटलं, ‘शेठ, आठशे माणसांपुढे तुमच्या काजूची जाहिरात होईल.’ ते हसले. म्हणाले, ‘मास्तर, तुमच्या मांडवातली माणसां माझे काजू इकत घेनत नाय. ती माका बी इकतत.’

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत होतं. आमच्या मांडवात बसणाऱ्या माणसांच्या परड्यात काजूची कलमं आहेत. सोललेला गर पाकिटात घालून विकायचा तो कारखानदारांनी, मुंबई-पुण्याच्या दुकानांना आणि हायवेवरच्या पर्यटकांना. त्यासाठी कच्ची बी लागते. ती फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत उतरते आणि ती मिळवायला व्यापाऱ्यांची चढाओढ लागते. म्हणजे आमचे प्रेक्षक हे त्यांचं गिऱ्हाईक नव्हतंच, ते त्यांचे पुरवठादार होते. मी जे विकायला गेलो होतो ते त्यांना नको होतं, आणि जे हवं होतं ते माझ्या मांडवात खुर्च्यांवर बसलेलं होतं.

पुढच्या वर्षीचं पत्र या एका गोष्टीवर उभं राहिलं. ते लिहायच्या आधी मात्र घरचा हिशेब करावा लागला. तीन रात्रींचे तीन प्रयोग, प्रत्येकी २२,००० प्रमाणे नाटक कंपन्यांची बिदागी ६६,०००. मांडव, दिवे आणि ध्वनिक्षेपक ३०,०००. कलाकारांचं जेवणखाण १५,०००. परवानग्या आणि पत्रकं ६,०००. एकूण १,१७,०००. गावातून वर्गणी जमते ५१,०००, म्हणजे मांडव, जेवण आणि कागदपत्रं गाव उचलतं आणि बिदागी तेवढी बाहेरून यायला हवी. हे कागदावर मांडल्यावर मागायचा आकडा आपोआप सापडला: एका रात्रीची बिदागी, २२,०००. नुसते ‘पंचवीस हजार द्या’ म्हटलं की समोरचा पंधरावर घासाघीस करतो. ‘शनिवारचा प्रयोग तुमचा’ म्हटलं की अर्धा प्रयोग कोण घेणार?

मग वेळ. आमचा महोत्सव फेब्रुवारीत, म्हणून मी जानेवारीत पत्रं वाटत असे. जानेवारीत काजूवाला पैसा सोडत नाही, कारण वर्षभराची बी त्याला पुढच्या तीन-चार महिन्यांत विकत घेऊन ठेवायची असते आणि त्यासाठी तो रोकड राखून असतो. हातात पैसा खेळतो तो दिवाळीनंतर, सुक्या मेव्याचा माल खपून वसुली आलेली असते तेव्हा. त्यामुळे पत्र जातं भाऊबीज झाल्यावर, त्याच आठवड्यात. नाटक कंपन्यांच्या फेब्रुवारीच्या तारखाही तेव्हाच ठरवाव्या लागतात, नाहीतर जत्रांमध्ये त्या आधीच अडकतात. तुमचा प्रायोजक हॉटेलवाला असेल तर त्याचं पंचांग वेगळं असणार, ते तुम्हीच पाहा.

पत्र असं होतं. नावं गाळून जसंच्या तसं देतो.

‘विषय: दशावतार नाट्यमहोत्सवातील शनिवारच्या प्रयोगाचे प्रायोजकत्व, रक्कम रु. २२,०००.

स. न. वि. वि.

आमचे मंडळ फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार तीन दशावतारी प्रयोग करीत आहे. गेल्या वर्षी शनिवारी ६०० खुर्च्या भरून लोक मागे उभे होते. यंदा सुमारे ८०० प्रेक्षक अपेक्षित आहेत. यातील बहुतेक कुटुंबे आसपासच्या गावांतील काजू बागायतदार असून महोत्सवानंतर दोन-तीन आठवड्यांत त्यांची बी उतरू लागते.

शनिवारच्या नाटक कंपनीची बिदागी आपण द्यावी. त्या बदल्यात मंडळ मांडवाच्या प्रवेशाशी आपल्या बी खरेदी केंद्रासाठी टेबल व दिव्याची सोय करील, आडदशावतार संपल्यावर आख्यानापूर्वी केंद्राविषयी दोन मिनिटांची घोषणा करील, पत्रकावर त्या रात्रीचे प्रायोजक म्हणून आपले नाव छापील आणि तिन्ही रात्री अन्य कोणत्याही बी खरेदीदारास जागा देणार नाही. नाटकातील संवादांत आपला उल्लेख करवणे आणि देवळाच्या आवारात फलक लावणे मंडळास शक्य नाही.

आपला निर्णय ३० नोव्हेंबरपर्यंत कळावा. त्यानंतर ही रात्र अन्य व्यावसायिकांना देऊ करण्यात येईल. रक्कम मंडळाच्या नावे धनादेशाने द्यावी. कार्यक्रमानंतर आठ दिवसांत जमाखर्च व छायाचित्रे आपणास सादर करू.’

खाली अध्यक्ष आणि खजिनदार दोघांच्या सह्या, मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि एकच फोन नंबर. सोबत एका कागदावर अंदाजपत्रक. बस्स.

घोषणा आडदशावतारानंतर का, असं शेठनीही विचारलं होतं. आमचा प्रयोग साडेसातला सुरू होतो. गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती येऊन जातात, संकासुराची धमाल होते, तोपर्यंत जेवून येणारे येत राहतात. आख्यान सुरू व्हायच्या क्षणी मांडव सगळ्यात भरलेला असतो आणि पुढची पंधरा मिनिटं कोणी उठत नाही. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध असतात, खास परवानगी मिळाली तरच सवलत. म्हणून घोषणा नऊच्या आसपास उरकलेली बरी. नाटक सुटताना करतो म्हटलं तर लोक चपला शोधत असतात.

फलकाचं वचन मी मुद्दामच देत नाही. एका वर्षी दुसऱ्या एका प्रायोजकाला दहा फुटी फ्लेक्स लावून दिला होता. दिवसा छान दिसला. रात्री सगळा उजेड रंगमंचावर आणि फ्लेक्स पाणंदीच्या कोपऱ्यात काळोखात. ते गृहस्थ कुटुंबाला घेऊन आले आणि स्वतःचं नाव मोबाइलच्या उजेडात शोधत बसले. पुढच्या वर्षी त्यांनी पत्र उघडलंही नसावं.

संवादांबद्दलची ओळही अशीच अनुभवातून आली. संकासुर काय बोलेल याची हमी ब्रह्मदेवही देऊ शकत नाही. आमच्या उत्साही खजिनदाराने एकदा कलाकाराच्या कानात प्रायोजकाचं नाव सांगितलं आणि त्याने ते घेतलंही, पण त्यांच्या तराजूवर मालवणीत एक फटका मारून. मांडव पाच मिनिटं हसत होता. प्रायोजक सोडून. तेव्हापासून ‘हे आम्ही करू शकत नाही’ असं एक वाक्य पत्रात असतंच. गंमत म्हणजे शेठना तेच वाक्य सगळ्यात जास्त आवडलं. जो नाही म्हणतो त्याचं हो खरं असेल, असा त्यांचा हिशेब.

आता ‘देणगी’ आणि ‘प्रायोजकत्व’ यांतला फरक. आमच्याकडे हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने लिहितात. शेठच्या हिशेबनिसाच्या लेखी ते दोन वेगळे रकाने आहेत. प्रायोजकत्वाच्या बदल्यात जाहिरात मिळते, म्हणून तो धंद्याचा खर्च दाखवता येतो. देणगीवर सवलत हवी तर घेणाऱ्या संस्थेकडे आयकराची ८०जी नोंदणी लागते, आणि ती आमच्यासारख्या मंडळांकडे बहुधा नसते. पत्रात एकदा प्रायोजकत्व लिहिलं की पावतीवरही तेच लिहा, नाहीतर मार्चअखेर फोन येतो. धनादेशाचा आग्रह यासाठीच: एका दिवसात एकाला दहा हजारांवर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. कारखाना भागीदारीत किंवा कंपनीच्या नावावर असेल तर प्रायोजकत्वावरचा जीएसटी त्यांना स्वतः भरावा लागू शकतो. तो त्यांच्या सीएला आधी विचारू द्या. नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं. आणि मंडळाची नोंदणीच नसेल तर वर्गणी गोळा करायच्या आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी काढा, कारण पत्राखालच्या त्या क्रमांकाच्या जागी दाखवायला काहीतरी हवंच.

पत्र दिल्यावर पाचव्या दिवशी होकार आला, एका अटीवर. टेबलावर त्यांचाच माणूस बसणार आणि एक वही ठेवणार: नाव, गाव, फोन, साधारण किती बी. मी बरं म्हटलं. शनिवारी रात्री त्या वहीत ४३ नावं लागली. आम्ही आठ दिवसांत जमाखर्च पाठवला, भरल्या मांडवाचा आणि टेबलाशी लागलेल्या रांगेचा असे दोन फोटो पाठवले. उगाच चाळीस फोटो पाठवू नयेत.

दुसऱ्या वर्षी मी त्याच पत्राची तारीख बदलून घेऊन गेलो आणि शेठनी वही पुढे केली. ४३ पैकी बी घेऊन आले ते ९ जण. बाकीच्यांनी जिथे किलोमागे चार रुपये जास्त मिळाले तिथे घातली. ‘मास्तर, तुमचो दशावतार भाव ठरवणा नाय,’ ते म्हणाले, आणि मला काही बोलता येईना, कारण ते खरंच होतं. माणूस टेबलापर्यंत आणणं मंडळाच्या हातात आहे, तराजूपर्यंत आणणं नाही. त्या वर्षी त्यांनी १५,००० दिले आणि उरलेल्या सात हजारांसाठी मला खताच्या दुकानदारांकडे जावं लागलं. त्यासाठी शेठची परवानगी आधी घेतली, कारण रात्र एकट्याची म्हणून दिली होती.

यंदाच्या पत्रात मी ‘४३ नोंदी, ९ विक्रेते’ हे आकडे स्वतःच लिहिले आहेत. घोषणेत नुसतं केंद्राचं नाव न सांगता वजन कसं होतं आणि पैसे किती दिवसांत मिळतात तेही सांगू द्यावं, असं सुचवलं आहे. त्या नऊ जणांपैकी तिघांनी मला सांगितलं होतं की भाव थोडा कमी असूनही ते तिथे गेले, कारण पैसे त्याच दिवशी हातात पडले. रक्कम पुन्हा २२,००० मागितली आहे. ३० नोव्हेंबरला अजून चार दिवस आहेत.